एक लाखाला कमी पडलेले 15,600

ऑगस्टच्या 20 तारखेला रात्री अकरा वाजता माझ्या रूममेटने बेडवरून एकदम किंचाळून विचारलं, ‘‘अगं, हे 1,180 कसले?’’ क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट आलं होतं. सगळ्यात वर दोन ओळी होत्या. ॲन्युअल फी 1,000 आणि तिच्यावरचा 18 टक्के जीएसटी 180. आता 1,180 म्हणजे आमच्या मेसचे बारा-तेरा दिवस. त्यामुळे झोप उडाली, ती दोघींचीही.

तुमच्यापैकी अनेकांकडे असंच एखादं कार्ड असेल. पहिली नोकरी लागली, सॅलरी अकाउंट उघडलं आणि पाठोपाठ मॉलमधल्या टेबलावरच्या त्या टाय लावलेल्या दादाने गाठलं. ‘‘मॅडम, पहिलं वर्ष पूर्ण फ्री. पुढच्या वर्षीपासून फक्त एक लाख खर्च केलेत की फी माफ. तेवढा तर होतोच हो!’’ माझ्या रूममेटलाही त्याने हेच सांगितलं होतं. आणि खरंच, तेवढा तर झालाच होता. तिने वर्षभराची बारा स्टेटमेंट्स काढून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर बेरीज केली. एकूण 1,12,400 रुपये. एक लाखाच्या वर चांगले बारा हजार. मग फी का?

दुसऱ्या दिवशी तिने तावातावाने कस्टमर केअरला फोन लावला. ‘‘मी एक लाखाच्या वर खर्च केलाय, तुम्ही फी लावलीच कशी?’’ पलीकडच्या मुलाने शांतपणे सांगितलं, ‘‘मॅडम, सिस्टिममध्ये तुमचा पात्र खर्च 84,400 दिसतोय.’’ हिचा आवाज चढला, त्याचा तसाच राहिला आणि फोन ठेवला गेला. सगळी गोम त्या ‘पात्र’ शब्दात आहे, म्हणून मी त्याच्या मागे लागले.

कार्डासोबत एक पीडीएफ येते, जी आपण कोणीच उघडत नाही. तिचं नाव ‘मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स’. नावातच ‘मोस्ट इम्पॉर्टंट’ आहे, तरीही. त्यात आणि बँकेच्या साइटवरच्या त्या कार्डाच्या पानावर फी माफीच्या अटी असतात, आणि त्याखाली बारीक अक्षरात कोणते खर्च धरले जाणार नाहीत याची यादी. रूममेटच्या कार्डाच्या यादीत घरभाडं, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे, पेट्रोल, एटीएममधून काढलेली रोकड आणि बँकेने स्वतः लावलेले चार्जेस एवढं होतं. काही बँका यात विम्याचे हप्ते, सरकारी भरणा, ईएमआयवर घेतलेल्या वस्तू हेसुद्धा घालतात. प्रत्येक कार्डाची यादी वेगळी असते, एकाच बँकेच्या दोन कार्डांचीही. त्यामुळे मैत्रिणीचं कार्ड बघून आपला हिशोब लावू नका.

आम्ही ती यादी समोर ठेवून पुन्हा बसलो. दोन महिन्यांचं भाडं तिने ॲपवरून कार्डाने भरलं होतं, 9,000 गुणिले दोन म्हणजे 18,000. ते गेले. 1,12,400 चे 94,400 झाले. इथेच ती लाखाच्या खाली आली होती, बाकीचं म्हणजे जखमेवर मीठ. वॉलेटमध्ये वेळोवेळी मिळून 4,000 टाकले होते, तेही गेले. मग हेडफोन आणि एक कुर्ता, दोन्ही मिळून 3,400 चे, तिने परत केले होते. खरेदी तिने बेरजेत धरली होती, रिफंड मात्र वजा करायचा राहिला. बँक विसरत नाही. राहिले 87,000.

तरीही 84,400 चा आकडा लागत नव्हता. 2,600 रुपये कुठे गेले ते शोधायला आम्हाला अर्धा तास लागला. ते होते स्वातंत्र्यदिनाच्या सेलमधले बूट. 12 ऑगस्टच्या रात्री घेतलेले. तिचं कार्ड दिलं गेलं होतं 14 ऑगस्टला, म्हणजे तिचं कार्डाचं वर्ष 14 ऑगस्टपासून पुढच्या 13 ऑगस्टपर्यंत. एक जानेवारी नाही आणि एक एप्रिलही नाही. बूट 12 तारखेला घेतले खरे, पण तो व्यवहार बँकेच्या वहीत पक्का झाला 14 तारखेला. कार्ड स्वाइप केल्यावर किंवा ओटीपी टाकल्यावर आधी फक्त रक्कम अडवून ठेवली जाते. दुकानदाराच्या बँकेकडून हिशोब येऊन ती पक्की व्हायला एक ते तीन दिवस जातात. तिच्या बँकेने ती पक्की झाल्याची तारीख धरली. त्यामुळे बूट नव्या वर्षात गेले.

म्हणजे 12,400 जास्त झाले असं वाटत असताना प्रत्यक्षात 15,600 कमी होते. बँकेने फसवलं असं म्हणायला जागाच राहिली नाही. (मॉलमधल्या दादाने ‘पात्र’ हा शब्द गिळला, हे मात्र मी त्याला माफ करणार नाही.)

तुमचं कार्डाचं वर्ष कधी संपतं हे माहीत नसेल तर आधी ते शोधा. कार्डावर छापलेली एक्स्पायरी बघून ते कळत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे मागची फी किंवा जॉइनिंग फी ज्या स्टेटमेंटमध्ये लागली ते काढायचं, नाहीतर कस्टमर केअरला सरळ दोन प्रश्न विचारायचे : माझं फी माफीचं वर्ष कोणत्या तारखेला संपतं, आणि आजपर्यंतचा माझा पात्र खर्च किती? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या स्क्रीनवर असतं. काही बँकांच्या ॲपमध्येही ते दिसतं. हा फोन वर्ष संपायच्या दोन महिने आधी करायचा, कारण तेव्हा हातात काही करण्यासारखं असतं. आणि शेवटची खरेदी किमान आठवडाभर आधी उरकायची.

समजा दोन महिने आधी कळलं की 15,600 कमी आहेत. मग काय? इथे बहुतेक जण जी गोष्ट करतात ती सगळ्यात महाग आहे. फी वाचवण्यासाठी काहीतरी विकत घेणं. 1,180 वाचवायला 15,600 चं स्मार्टवॉच घेणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यात ते कार्डाचं बिल पूर्ण भरता आलं नाही, तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास लागतं आणि वाचवलेली फी दोन-तीन महिन्यांत बँकेकडे परत जाते.

खरा उपाय म्हणजे जो खर्च होणारच आहे तो पुढे ओढणं. वर्षभराचा मोबाइल रिचार्ज, दिवाळीला गावी जायचं तिकीट, आईचं महिन्याचं किराणा सामान. शेवटचा प्रकार आमच्या मेसमध्ये सगळे करतात : घरच्यांचा खर्च आपल्या कार्डाने करायचा आणि त्यांच्याकडून पैसे लगेच यूपीआयवर घ्यायचे. चांगलं आहे, फक्त ते पैसे बिलाच्या तारखेपर्यंत अकाउंटमध्ये टिकायला हवेत. एकदा बाबांच्या टायरचे पैसे मी असेच घेतले होते आणि बिल येईपर्यंत त्यातले अर्धे मालवणला समुद्रात बुडाले होते. असो.

फी भरण्यासाठी कार्ड वापरताना मात्र एक गणित करा. कॉलेजची किंवा क्लासची फी कार्डाने भरताना अनेक ठिकाणी वरून सुविधा शुल्क लागतं. समजा ते 2 टक्के आहे. 15,600 वर 312 रुपये, त्यावर जीएसटी 56, एकूण 368. हे देऊन 1,180 वाचत असतील तर ठीक. पण कमी पडणारी रक्कम 50,000 असेल तर 2 टक्के म्हणजे 1,000 आणि जीएसटी 180. बरोबर 1,180! म्हणजे एका हाताने फी वाचवली आणि दुसऱ्या हाताने तेवढीच दिली. शिवाय काही बँका थर्ड पार्टी ॲपमधून शिक्षणाची फी भरली तर स्वतःचं वेगळं एक टक्का शुल्क लावतात, तेही आधी बघून घ्या.

पण रूममेटचं वर्ष तर संपून गेलं होतं. फी लागलीच होती. आता उरला फक्त एक मार्ग, मागून बघायचं. पहिल्या फोनमध्ये ती भांडली होती. दुसऱ्या फोनआधी मी आमच्या कॉलेजच्या एका सीनियरला गाठलं, जिने मास कॉमला यायच्या आधी एका बँकेच्या कस्टमर केअरमध्ये दोन वर्षं काम केलं होतं. ती म्हणाली, ‘‘फोनवरच्या मुलीला तू पटवू शकत नाहीस, कारण तिच्या हातात काहीच नसतं. तिच्या स्क्रीनवर तुझ्या नावापुढे एखादी ऑफर आली असेल तरच ती देते. तू कार्ड बंद करायचं म्हणालीस की तुझा फोन दुसऱ्या टीमकडे जातो, आणि तिथल्या स्क्रीनवर वेगळ्या ऑफर्स असतात.’’

ती ऑफर कोणाला येते? यासाठी बँकेच्या बाजूने विचार करायला हवा. तुम्ही दुकानात कार्डाने पैसे देता तेव्हा दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. त्यातून साधारण दीड-दोन टक्के कापले जातात आणि त्याचा मोठा भाग तुमचं कार्ड काढणाऱ्या बँकेकडे जातो. 84,400 वर समजा बँकेला शंभरामागे दीड रुपया मिळाला, तर ते झाले 1,266. त्यातून तुमचे रिवॉर्ड पॉइंट वगैरे वजा होतात हे खरं, पण तुम्ही पुढची वर्षं कार्ड वापरत राहणार असाल तर 1,000 रुपयांची फी सोडून तुम्हाला धरून ठेवणं बँकेला परवडू शकतं. जो माणूस वर्षात दोनदा कार्ड काढतो, त्याच्याकडून बँकेला मिळण्यासारखं त्या फीशिवाय काहीच नसतं. मग ती फी ते का सोडतील?

म्हणून घासाघीस कधी चालते, तर तुम्ही कार्ड नियमित वापरता, बिल वेळेवर भरता आणि टार्गेटला थोडक्यात हुकलात तेव्हा. आणि कधी चालत नाही, तर कार्ड पडून असेल, मागच्याच वर्षी अशी माफी घेतलेली असेल, किंवा फीच्या बदल्यात बँकेने व्हाउचर किंवा बोनस पॉइंट आधीच दिले असतील तेव्हा. ते वापरून टाकल्यावर फी परत मागणं म्हणजे वडापाव खाऊन पैसे परत मागण्यासारखं आहे. फी भरून चार-पाच महिने झाल्यावर आठवण आली, तरीही फारसा उपयोग होत नाही. स्टेटमेंट आल्यापासून बिल भरायच्या शेवटच्या तारखेपर्यंतचे अठरा-वीस दिवस, फोन करायची वेळ ती.

एक फरक इथे लक्षात घ्या. टार्गेट पूर्ण करूनही फी लागली असेल तर ती विनंती नाही, तक्रार आहे. लेखी तक्रार करायची, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं. पण टार्गेट हुकलं असेल तर माफी देणं न देणं ही बँकेची मर्जी. तिथे लोकपालाची धमकी देऊन हसू करून घेऊ नका.

रूममेटने 23 ऑगस्टला दुसरा फोन केला. या वेळी भांडण नाही. आम्ही वाक्य कागदावर लिहून ठेवलं होतं : ‘‘माझा पात्र खर्च 84,400 झालाय, थोडा कमी पडला हे मला मान्य आहे. वर्षभरात एकही बिल उशिरा भरलेलं नाही. फी परत होणार असेल तर मला कार्ड ठेवायचंय, नसेल तर बंद करायचंय. तुम्ही काय करू शकता?’’ पलीकडून आधी नियम वाचून झाला. मग होल्डवरचं ते कंटाळवाणं म्युझिक. मग दुसरा आवाज आला, ‘‘मॅडम, पुढच्या 60 दिवसांत 15,000 खर्च केलेत तर फी रिव्हर्स होईल.’’

पूर्ण माफी एका झटक्यात क्वचितच मिळते. बहुतेक वेळा अशी अट येते, किंवा अर्धी माफी, किंवा फीएवढे पॉइंट. पॉइंट देऊ केले तर एका पॉइंटची किंमत विचारा. अनेक कार्डांवर ती 25 पैशांच्या आसपास असते, म्हणजे 1,000 पॉइंट म्हणजे 250 रुपये, हजार नव्हे.

रूममेटला 60 दिवसांची ऑफर सोयीची होती. तिचा पात्र खर्च महिन्याला सात हजारांच्या आसपास होताच, आणि पुढे गणपती, दसरा, दिवाळी. हो म्हणायच्या आधी तिने चार गोष्टी विचारल्या. 60 दिवस कधीपासून मोजणार? (आजपासून.) कोणते खर्च धरणार नाही? (तीच यादी.) जीएसटीसुद्धा परत येणार का? (हो.) आणि हे मला मेसेजवर मिळेल का? शेवटच्या प्रश्नावर पलीकडची बाई म्हणाली, ‘‘मॅडम, सिस्टिममध्ये नोट केलंय.’’ हिने हट्ट सोडला नाही, आणि दहा मिनिटांत एसएमएस आला, सर्व्हिस रिक्वेस्ट नंबरसकट. त्याचा स्क्रीनशॉट मलाही पाठवून ठेवला, पुरावा म्हणून!

आणि फी? ती तिने 9 सप्टेंबरच्या आत बिलासोबत भरून टाकली, पूर्ण 1,180. इथे बरेच जण चुकतात. ‘परत होणारच आहे’ म्हणून तेवढी रक्कम सोडून बाकीचं बिल भरतात. पण बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदत जाते आणि राहिलेल्या रकमेवरच नाही, नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. आधी भरायचं. परत आलेली फी पुढच्या बिलातून वजा होतेच.

‘बंद करते’ हे वाक्य मात्र गंमत म्हणून वापरू नका. माझ्या मावसभावाने हेच केलं. त्याचं कार्ड वर्षभर जवळजवळ पडून होतं. ‘‘फी काढा नाहीतर बंद करा’’ असं त्याने ऐटीत सांगितलं, आणि पलीकडून उत्तर आलं, ‘‘ठीक आहे सर, रिक्वेस्ट टाकतो.’’ रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार, काही थकबाकी नसेल तर अर्ज आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बँकेला कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला 500 रुपये दंड द्यावा लागतो. त्यामुळे आता बँका याबाबत अगदी तत्पर असतात. त्याचं कार्ड गेलं, सोबत न वापरलेले पॉइंटही. त्याच्या बाबतीत वाईट काही झालं नाही, कारण कार्डाचा उपयोगच नव्हता. पण ते तुमचं पहिलं आणि एकमेव कार्ड असेल, तर क्रेडिट स्कोअरला आधार देणारा तुमचा सगळा इतिहास त्याच्यावरच असतो. पुढे बाइकचं किंवा शिक्षणाचं कर्ज घ्यायचं असेल तर आधी विचार करा. बंद करण्याऐवजी ‘याच्या जागी फी नसलेलं कार्ड द्याल का’ असंही विचारता येतं. सगळ्या बँका देत नाहीत, पण हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

आणखी एक. टार्गेट दरवर्षी तेच राहील असं समजू नका. बँक ते वाढवू शकते, मात्र चार्जेसमधला असा बदल किमान एक महिना आधी कळवावा लागतो. तो कळवणारा ईमेल बहुधा प्रमोशन्सच्या फोल्डरमध्ये, पिझ्झाच्या कूपन्सखाली पडलेला असतो. बदल तुमच्या तोट्याचा असेल आणि त्यामुळे कार्ड परत करायचं असेल, तर त्यासाठी वेगळं शुल्क लावता येत नाही.

रूममेटचे 15,000 ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच पूर्ण झाले. गणपतीचं सगळं सामान तिच्या कार्डावर आणि आईचे पैसे यूपीआयवर. 20 ऑक्टोबरच्या स्टेटमेंटमध्ये काही नव्हतं, तेव्हा तिने तो सर्व्हिस रिक्वेस्ट नंबर सांगून एक फोन केला. 20 नोव्हेंबरला दोन ओळी आल्या, 1,000 आणि 180, दोन्हींपुढे ‘सीआर’. आता तिच्या मोबाइलमध्ये दरवर्षी 13 जूनला वाजणारा एक रिमाइंडर आहे : ‘पात्र किती झाले, विचार.’ आणि भाडं ती पुन्हा बँक ट्रान्स्फरने भरते.